उजव्या वरच्या लोबची फिल्म: टेक्निकपासून इम्प्रेशनपर्यंत रिपोर्ट कसा लिहायचा

*"मॅडम, मी बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात बॉण्डवर आहे. इंटर्न्सना शिकवायला आम्ही छातीचा एक एक्स-रे निवडलाय. ५६ वर्षांचा ऊसतोड कामगार, तीन महिने खोकला, वजन उतरलंय, एकदा थुंकीतून रक्त, तीस वर्षं बिडी. दोन थुंकी तपासण्या निगेटिव्ह. उजवीकडे वर पांढरं दिसतंय, चिठ्ठीवर 'कॉक्स?' लिहिलंय. आमचे रिपोर्ट दोन ओळींत संपतात. टेक्निक, फाइंडिंग्ज, इम्प्रेशन असा नीट रिपोर्ट यावर कसा लिहायचा?"*

तुमची फिल्म मी दोनदा पाहिली. आधी चिठ्ठी न वाचता पाहिली, मग वाचून. इंटर्न्सनाही याच क्रमानं दाखवा, कारण 'कॉक्स?' हा शब्द एकदा डोळ्यात शिरला की उजव्या वरच्या झोनमधलं कुठलंही पांढरं टीबीचंच वाटायला लागतं. आपल्या भागात टीबी इतका पाहिला जातो की तसं वाटणं स्वाभाविक आहे. या फिल्मवर मात्र मला टीबीपेक्षा वेगळी शंका येते. ती शंका रिपोर्टमध्ये कशी उभी करायची, तेच सांगते.

मी माझ्या विद्यार्थ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. टेक्निकमधली ओळ फाइंडिंगला जामीन राहते आणि फाइंडिंगमधली ओळ इम्प्रेशनला. जामीन नसलेलं वाक्य रिपोर्टमध्ये ठेवायचं नाही. तुमचे रिपोर्ट दोन ओळींत संपतात त्याचं कारण हेच असावं: पहिल्याच ओळीत निदान येतं आणि मग लिहायला काही उरत नाही.

टेक्निक

बहुतेक रिपोर्टमध्ये इथे 'पीए व्ह्यू' एवढंच असतं. ते पुरत नाही. फिल्मवर पुढे मी जे जे म्हणणार आहे, त्याला फिल्मची कुठली बाजू आधार देते आणि कुठली खोडा घालते, ते इथे लिहायचं असतं.

पहिली गोष्ट बाजूची. तुमच्या फिल्मवर उजवीकडे 'आर' मार्कर आहे. पण कॅसेट रीडरवर मार्कर नंतर संगणकावरूनही टाकता येतो आणि इमेज उलटीही करता येते, म्हणून नुसत्या मार्करवर भरवसा ठेवू नका. अओर्टिक नकल डावीकडे, हृदयाचं टोक डावीकडे, जठरातला हवेचा फुगा डाव्या डोमखाली. या तिन्ही गोष्टी मार्करशी जुळतात का ते पाहा. इथे जुळतात.

दुसरी गोष्ट श्वासाची, आणि या फिल्मवर इंटर्न हमखास इथेच घसरेल. पूर्ण श्वास घेतलेल्या फिल्मवर डोमच्या वर समोरच्या साधारण सहा बरगड्या मोजता येतात, मागच्या नऊ ते दहा. उजवीकडे मोजा, पाचच येतात. इंटर्न लगेच लिहील, 'श्वास अपुरा'. आता डावीकडे मोजा. तिथे सहा पूर्ण येतात. माणूस एका फुप्फुसानं श्वास घेऊन दुसऱ्यानं धरून ठेवत नाही. म्हणजे श्वास पुरेसा आहे आणि उजवा डोम वर ओढला गेलाय. ही टेक्निकची खोट समजलात तर रोगाची एक मोठी खूण हातातून गेली. उजवा डोम डाव्यापेक्षा थोडा वर असणं नॉर्मलच आहे, दीड-दोन सेंटीमीटर तर सर्रास. म्हणून एकट्या डोमवर मी काही ठरवणार नाही, पण ती नोंद ठेवणार.

तिसरी गोष्ट रोटेशनची. दोन्ही क्लॅव्हिकलची आतली टोकं मधल्या स्पायनस प्रोसेसपासून सारख्या अंतरावर आहेत का, हे पट्टी लावून मोजा. नजरेनं ठरवू नका. क्लॅव्हिकलची टोकं छातीच्या पुढच्या बाजूला असतात आणि स्पायनस प्रोसेस मागच्या बाजूला. माणूस जरा जरी वळला तर पुढच्या गोष्टी मागच्यांच्या तुलनेत सरकतात. ट्रॅकियाही मणक्याच्या पुढे आहे, म्हणून तीही त्याच बाजूला सरकल्यासारखी दिसते. ज्या बाजूचं क्लॅव्हिकलचं टोक स्पायनस प्रोसेसपासून लांब गेलंय, ट्रॅकिया खोटी खोटी त्याच बाजूला जाते. तुमच्या फिल्मवर दोन्ही अंतरं सारखी आहेत. त्यामुळे ट्रॅकिया उजवीकडे दिसते ती खरंच उजवीकडे ओढली गेलीय. रोटेशनची ही ओळ लिहिली नाही, तर ट्रॅकियाबद्दलचं वाक्य कुणीही एका मिनिटात खोडून काढेल.

पेनिट्रेशन ठीक आहे, हृदयाच्या सावलीतून मणक्यांमधल्या जागा पुसट दिसतात. डाव्या स्कॅप्युलाची आतली कड मात्र डाव्या वरच्या झोनच्या बाहेरच्या भागावर आलीय. खांदे पुढे नीट ढकलले गेले नाहीत. फिल्म त्यासाठी पुन्हा काढायची गरज नाही, पण एवढ्या भागाची खात्री देता येत नाही हे लिहायचं.

शेवटी, काय नाही तेही लिहा. लॅटरल व्ह्यू नाही. जुनी फिल्म नाही. जुन्या फिल्मसाठी मी जरा हट्ट धरते. हा माणूस दिवाळीनंतर फडात गेला आणि पट्टा पडल्यावर गावी आला. उचल अंगावर असताना खोकल्यासाठी कुणी काम सोडत नाही, पण रक्त पडलं की कारखान्याच्या जवळच्या एखाद्या दवाखान्यात एक्स-रे निघालेला असतो. तो घरी पत्र्याच्या पेटीत गुंडाळून पडलेला असतो आणि आपण विचारत नाही म्हणून तो आणत नाही. दोन वर्षांपूर्वीची फिल्म अशीच असेल तर अर्थ एक. ती स्वच्छ असेल तर अर्थ पार बदलतो.

शिकवायला ठेवलेल्या फिल्मवरून नाव आणि नोंदणी क्रमांक काढून टाका, वय आणि लिंग राहू द्या. मोबाइलवर फोटो काढून पाठवताना कोपऱ्यातलं नाव तसंच जातं, तिथे लक्ष ठेवा.

फाइंडिंग्ज

इथे निदानाचा शब्द येऊ द्यायचा नाही. 'कन्सॉलिडेशन' हासुद्धा अर्थ लावलेला शब्द आहे, कारण हवेची जागा कशानं तरी भरली असं तो सांगतो. मी आधी 'ओपॅसिटी' लिहिते आणि मग तिचे गुण सांगते: कुठे आहे, कडा कशा आहेत, आत काय आहे, आणि आजूबाजूच्या गोष्टींवर तिचा काय परिणाम झालाय. या फिल्मचं सगळं मर्म शेवटच्या दोन प्रश्नांत आहे.

उजव्या वरच्या झोनमध्ये एकसारखी पांढरी ओपॅसिटी आहे. आत हवेच्या काळ्या फांद्या, म्हणजे एअर ब्रॉन्कोग्राम, दिसत नाहीत. पोकळी नाही, कॅल्सिफिकेशन नाही. आता खालची कड बघा. ती अगदी रेखीव आहे. एवढी रेखीव कड फुप्फुसात आपोआप तयार होत नाही, तिथे फिशर असते. ही हॉरिझॉन्टल फिशर आहे. ती साधारण हायलमच्या पातळीला, बाहेरच्या बाजूला समोरच्या चौथ्या बरगडीच्या आसपास असायला हवी. इथे तिचं बाहेरचं टोक समोरच्या दुसऱ्या बरगडीपर्यंत चढलंय.

पांढरेपणा आणि फिशर वर ओढलेली, ही जोडी फार बोलकी आहे. न्यूमोनियानं लोब भरतो तेव्हा तो जागा सोडत नाही, उलट कधी कधी फुगतो आणि फिशर खाली दाबतो. इथे लोब लहान झालाय. लोब लहान झाला की आजूबाजूचं सगळं त्या रिकाम्या जागेकडे सरकतं, आणि ते सरकणं फिल्मवर चार ठिकाणी दिसतं. ट्रॅकिया उजवीकडे. फिशर वर. उजवा हायलम वर. उजवा डोम वर. हायलमचं विशेष सांगते. निरोगी माणसात डावा हायलम उजव्यापेक्षा किंचित वर असतो, क्वचित दोन्ही सारखे. उजवा हायलम डाव्यापेक्षा वर दिसला की थांबायचं आणि कारण शोधायचं. याच्या फिल्मवर उजव्या हायलमचा दिसणारा भाग डाव्याच्या वर गेलाय. शिवाय उजव्या बाजूला खाली उरलेलं फुप्फुस डाव्यापेक्षा जरा काळं आहे आणि त्यातल्या रक्तवाहिन्या विरळ पसरल्यात, कारण खालचे लोब ताणून वरची जागा भरून काढताहेत. डोमच्या मधोमध एक छोटं टोक वर आलंय, तंबूच्या टोकासारखं. तेही वरच्या लोबच्या ओढीनंच येतं.

आता त्या रेखीव कडेकडे परत या, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथेच आहे. इंटर्नला सांगा, पेन्सिलचं टोक कडेवरून बाहेरून आत न्यायचं. बाहेरच्या अर्ध्या भागात कड कमानीसारखी वर उचललेली आहे. साध्या कोलॅप्समध्ये ही कमान तशीच हायलमपर्यंत जाते. इथे हायलमजवळ पोचता पोचता ती वळते आणि खाली फुगते. वर कमान, मग खाली फुगवटा, मिळून उलटा एस. रॉस गोल्डन या अमेरिकन रेडिओलॉजिस्टनं १९२५ साली ब्रॉन्कसच्या कॅन्सरच्या रुग्णांत ही आकृती सांगितली, म्हणून तिला गोल्डन एस साइन म्हणतात. फिशर लोबबरोबर आकसून वर जायला निघाली, पण हायलमपाशी एक गाठ बसलीय आणि ती तिथे आकसू देत नाही. बाहेरची कमान कोलॅप्सची आणि आतला फुगवटा गाठीचा.

हे वाक्य फाइंडिंग्जमध्ये लिहिताना 'गोल्डन एस साइन पॉझिटिव्ह' एवढंच लिहू नका. कडेचं वर्णन करा. नाव चुकीच्या फिल्मवर चिकटलं तर वाचणाऱ्याला ते तपासता येत नाही, वर्णन तपासता येतं.

एवढं सापडलं की डोळा थांबतो. ही सवय फार महाग पडते. म्हणून मोठी गोष्ट लिहून झाल्यावर मी ठरलेल्या जागा पुन्हा फिरते: डावा एपेक्स, हृदयाच्या मागची बाजू, दोन्ही सीपी अँगल, डोमच्या खाली, आणि हाडं. या रुग्णात हाडं नुसती 'नॉर्मल' म्हणून सोडायची नाहीत. हायलमजवळ गाठ असल्याची शंका असेल तर प्रत्येक बरगडी मागून पुढे एकेक करून बोटानं फिरवायची, कडेत तुटक भाग दिसतो का ते पाहायचं. दुसऱ्या फुप्फुसात गोल सावल्या आहेत का ते पाहायचं. इथे मला दोन्ही दिसल्या नाहीत, आणि 'दिसल्या नाहीत' हेच रिपोर्टमध्ये यायला हवं.

मग टीबी का नाही?

टीबीनंही उजवा वरचा लोब आकसतो, ट्रॅकिया ओढली जाते, हायलम वर जातो. मराठवाड्यातल्या कुठल्याही ओपीडीत अशा फिल्म पोत्यानं मिळतील. फरक आकसण्याच्या कारणात आहे. टीबीत फुप्फुस व्रणानं आकसतं, ब्रॉन्कस सहसा उघडा असतो. म्हणून आत हवेच्या फांद्या दिसतात, त्या वाकड्या आणि रुंद झालेल्या असतात. सावली एकसारखी नसते, पट्टे, पोकळ्या, चुन्याचे ठिपके असं मिश्रण असतं, वर प्ल्युरा जाड झालेला असतो, आणि बऱ्याचदा दुसऱ्या बाजूलाही थोडं काहीतरी असतं. खालची कड अशी आखल्यासारखी नसते. तुमच्या फिल्मवर यातलं काहीच नाही. एकसारखी सावली, आत हवा नाही, दुसरी बाजू स्वच्छ आणि हायलमशी फुगवटा. हे चित्र ब्रॉन्कस तोंडाशी बंद झाल्याचं आहे.

तरी टीबी फिल्मवरून शंभर टक्के बाद होत नाही. ब्रॉन्कसच्या आतला टीबी तोंड अरुंद करू शकतो, हायलमच्या टीबीच्या गाठी बाहेरून दाबू शकतात. तीस वर्षं बिडी ओढलेल्या ५६ वर्षांच्या माणसात मात्र ते मागच्या ओळीत जातात. मूल असतं तर मी शेंगदाणा किंवा म्यूकस प्लग आधी विचारला असता. आयसीयूतला रुग्ण असता तर ट्यूब कुठे आहे ते आधी पाहिलं असतं. फाइंडिंग तेच राहतं, इम्प्रेशनची क्रमवारी वय आणि इतिहास ठरवतात. म्हणून चिठ्ठी नंतर का होईना, वाचायचीच.

हे मी इतकं लांबवून सांगते त्याला कारण आहे. पीजीच्या दुसऱ्या वर्षी मी जवळजवळ अशाच फिल्मवर एक ओळ लिहिली होती: 'उजव्या वरच्या झोनमध्ये कन्सॉलिडेशन, कॉक्स असावा.' थुंकी निगेटिव्ह असूनही त्या ओळीवर टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांनी तो माणूस परत आला तेव्हा चेहरा सुजलेला होता, मानेच्या शिरा टम्म होत्या, खाली वाकता येत नव्हतं. गाठीनं वरची मोठी शीर दाबली होती. पाकिटातून जुनी फिल्म काढून मी लाइट बॉक्सवर लावली. उलटा एस तिथेच होता, मी पाहिलाच नव्हता. कडेचं वर्णन लिहायची सवय असती तर पेन तिथे अडलं असतं. 'कन्सॉलिडेशन' लिहिलं की कड लिहावी लागत नाही, ट्रॅकिया लिहावी लागत नाही. तो चेहरा मी विसरलेले नाही.

पूर्ण रिपोर्ट

प्रत्यक्षात तुम्ही रिपोर्ट इंग्रजीतच लिहाल. इथे मराठीत देते, म्हणजे क्रम आणि वजन कळेल. मापं तुमच्या फिल्मवरून घेतलीत.

> रुग्ण: पुरुष, ५६ वर्षे. तीन महिने खोकला, वजन कमी, एकदा थुंकीतून रक्त. तीस वर्षे बिडी. दोन थुंकी तपासण्या निगेटिव्ह.
>
> टेक्निक: छातीचा एक्स-रे, पीए, उभ्याने. बाजूचा मार्कर शरीररचनेशी जुळतो. श्वास पुरेसा (डावीकडे समोरच्या सहा बरगड्या). रोटेशन नाही. पेनिट्रेशन योग्य. दोन्ही एपेक्स व दोन्ही सीपी अँगल फिल्ममध्ये आहेत. डावी स्कॅप्युला डाव्या वरच्या झोनच्या बाहेरच्या भागावर आल्याने तो भाग नीट तपासता येत नाही. लॅटरल व्ह्यू व जुनी फिल्म उपलब्ध नाही.
>
> फाइंडिंग्ज: उजव्या वरच्या झोनमध्ये एकसारखी ओपॅसिटी. एअर ब्रॉन्कोग्राम, पोकळी वा कॅल्सिफिकेशन नाही. खालची कड रेखीव असून ती वर सरकलेल्या हॉरिझॉन्टल फिशरशी जुळते. बाहेरचा भाग वर कमानदार, हायलमजवळचा भाग खाली फुगलेला. ट्रॅकिया उजवीकडे सरकलेली. उजवा हायलम वर ओढलेला, त्याचा वरचा भाग ओपॅसिटीपासून वेगळा दिसत नाही. ट्रॅकियाच्या उजव्या कडेची रेषा दिसत नाही. उजवा डोम वर (समोरच्या पाच बरगड्या), मध्यभागी छोटे टोक. उजव्या उरलेल्या फुप्फुसात रक्तवाहिन्या विरळ.
>
> डावे फुप्फुस तपासता येणाऱ्या भागात स्वच्छ, गोल सावल्या नाहीत. हृदयाची रुंदी १३.२ सेंमी, छातीची २८.४ सेंमी, गुणोत्तर ४६ टक्के, मर्यादेत. दोन्ही सीपी अँगल मोकळे. दिसणाऱ्या बरगड्या, क्लॅव्हिकल व मणक्यांत हाड झिजल्याची खूण नाही. डोमखाली मोकळी हवा नाही.
>
> इम्प्रेशन:
> १. उजव्या वरच्या लोबचा कोलॅप्स, उजव्या हायलमशी गाठीसारखा फुगवटा. वरच्या लोबचा ब्रॉन्कस बंद करणारी मध्यवर्ती गाठ असण्याची दाट शक्यता. वय व बिडीचा इतिहास पाहता फुप्फुसाचा कॅन्सर प्रथम वगळावा.
> २. ब्रॉन्कसच्या आतला टीबी किंवा गाठींचा दाब ही कमी शक्यतेची कारणे. सक्रिय टीबीच्या बाजूने बोलणारी खास खूण या फिल्मवर नाही.
> ३. सुचवले: छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी, वरच्या पोटासह, ब्रॉन्कोस्कोपी व बायोप्सी, थुंकीचा सीबीनॅट. जुनी फिल्म असल्यास तुलना.

इम्प्रेशनबद्दल आणखी थोडं

फाइंडिंग्जमध्ये दहा गोष्टी आहेत, इम्प्रेशनमध्ये तीनच. हे मुद्दाम आहे. ग्रामीण रुग्णालयात रिपोर्ट हातात घेणारा डॉक्टर शेवटचा भाग आधी वाचतो, बऱ्याचदा तेवढाच वाचतो. इम्प्रेशनमध्ये फाइंडिंग्ज पुन्हा उतरवून काढली, तर त्याला पुढे काय करायचं ते शोधत बसावं लागतं. आणि उलट, फाइंडिंग्जमध्ये नसलेली गोष्ट इम्प्रेशनमध्ये अचानक आली तर ती बिनजामीनाची आहे. लिहून झालं की इम्प्रेशनच्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवा आणि वर त्याचं वाक्य शोधा. 'कोलॅप्स' म्हटलंय, तर फिशर, ट्रॅकिया, हायलम, डोम वर आहेत का? आहेत. 'गाठ' म्हटलंय, तर खाली फुगलेली कड आहे का? आहे.

'क्लिनिकल कोरिलेशन करावे' हे वाक्य मी या रिपोर्टवर लिहिलेलं नाही. रुग्णाला समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरला ते वेगळं सांगावं लागत नाही. त्याऐवजी कोणती तपासणी आणि कशासाठी, हे लिहा. सीटी वरच्या पोटासह सांगितला, कारण लिव्हर आणि अॅड्रिनल त्याच वेळी पाहून होतात आणि माणसाला दुसऱ्यांदा जिल्ह्याच्या गावी खेप पडत नाही. कॉन्ट्रास्ट देण्याआधी क्रिएटिनीन लागतो, तो तुमच्याच रुग्णालयात काढून सोबत द्या.

गाठीचा आकार मी लिहिलेला नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. साध्या फिल्मवर गाठ कुठे संपते आणि कोलॅप्स झालेला लोब कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. फुगवट्याला पट्टी लावून 'चार सेंटीमीटरची गाठ' लिहिणारे रिपोर्ट मी पाहिलेत, ते आकडे पुढे सीटीशी जुळत नाहीत. 'कॅन्सर आहे' असंही मी लिहिलं नाही. फिल्मवरून पेशी दिसत नाहीत. ते बायोप्सीचं काम.

सीबीनॅट का सुचवला, असं इंटर्न विचारतील. थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली निगेटिव्ह आली तरी सीबीनॅट त्यापेक्षा कमी जंतू पकडू शकतो, रिफॅम्पिसिन चालेल की नाही तेही त्याच नमुन्यातून सांगतो, आणि सरकारी कार्यक्रमात तो मोफत होतो. शिवाय एकाच माणसात टीबी आणि कॅन्सर दोन्ही सापडलेले रुग्ण माझ्याकडे आलेत. म्हणून सीबीनॅट पॉझिटिव्ह आला तरी सीटी रद्द करायचा नाही, आणि तो निगेटिव्ह आला तर 'फिल्मवर दिसतंय ना' म्हणून गोळ्याही सुरू करायच्या नाहीत.

इंटर्न्सना शिकवताना फिल्मशेजारी जुन्या टीबीनं आकसलेल्या उजव्या वरच्या लोबची दुसरी फिल्म लावा. दोन्हींसाठी फक्त फाइंडिंग्ज लिहायला सांगा, इम्प्रेशन झाकून ठेवा. मग वह्या बदलून दुसऱ्यानं ती फाइंडिंग्ज वाचून, फिल्म न पाहता, कुठली फिल्म कुठली ते ओळखायचं. ओळखता आलं नाही तर वर्णनात कड राहून गेलीय किंवा एअर ब्रॉन्कोग्राम आहे की नाही ते लिहायचं राहिलंय. माझ्याकडे पहिल्या दिवशी बहुतेकांचं कडेचंच वाक्य राहतं.

आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ जोडा, जी नमुन्यात मी तुमच्यासाठी मोकळी सोडलीय. अशा रिपोर्टचा कागद फाइलमध्ये जातो, फाइल वॉर्डातून कपाटात जाते, आणि माणूस पुढच्या हंगामाची उचल घेऊन गाडीत बसतो. म्हणून रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला स्वतः फोन करा. ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव, तारीख आणि वेळ त्या ओळीत लिहा. फोन लागला नाही तर तेही लिहा, आणि संध्याकाळी परत लावा.